तारीख झाका, मग वाचा

रोज एकाच विषयाचा व्हिडिओ टाकणाऱ्याने त्याखाली रोज नवे काय लिहावे? कांदा बाजारभावाच्या चॅनलांवरून घेतलेला एक धडा

कांद्याच्या हंगामात संध्याकाळी यूट्यूबवर 'आजचे कांदा बाजारभाव' असे शोधून पाहा. लासलगाव, पिंपळगाव बसवंत, येवला, उमराणे, सोलापूर... व्हिडिओंची रांग लागते. बहुतेकांच्या चित्रावर कांद्याचा ढीग, ठळक अक्षरांत एखादा आकडा आणि वर किंवा खाली जाणारा बाण. शीर्षकात 'आजचे' आणि खालच्या वर्णनात 'नमस्कार शेतकरी बांधवांनो, या व्हिडिओमध्ये आपण आजचे कांदा बाजारभाव पाहणार आहोत'. एकाच चॅनलचे सोमवार, मंगळवार आणि बुधवारचे व्हिडिओ शेजारीशेजारी आले, तर त्यांतला कोणता कुठल्या दिवसाचा हे उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही.

ज्याला उद्या पहाटे चाळ फोडून ट्रॅक्टर भरायचा आहे, त्याच्या दृष्टीने ही साधी गोष्ट नाही. यूट्यूबवर व्हिडिओखाली 'दोन दिवसांपूर्वी' असे निदान दिसते तरी. पण हीच लिंक व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात पडली, की सोबत येते ते शीर्षक, चित्र आणि फार तर वर्णनाचा एखादा तुकडा. तिथे 'आजचे' हा शब्द आठवडाभर 'आजचे'च राहतो. मागच्या मंगळवारचा भाव या मंगळवारी गावभर फिरू शकतो, आणि त्यात व्हिडिओ करणाऱ्याने खोटे काहीच सांगितलेले नसते. त्याने फक्त तो व्हिडिओ कधीचा हे ओळखता येईल असे काही लिहिलेले नसते.

म्हणून रोजच्या व्हिडिओला रोज वेगळे वर्णन लागते. पण वेगळे म्हणजे काय, इथेच बहुतेकांची गफलत होते.

सारखेपणा येतो कुठून

हा आळस कमी आणि सोय जास्त आहे. यूट्यूब स्टुडिओत अपलोडसाठी ठरावीक मजकूर साठवून ठेवायची सोय असते. एकदा वर्णन लिहून ठेवले, की ब्राउझरमधून चढवलेल्या प्रत्येक नव्या व्हिडिओखाली ते आपोआप येऊन बसते. शिवाय अपलोड करताना आधीच्या व्हिडिओचा तपशील उचलून पुन्हा वापरण्याचीही सोय आहे. बाजार आवारात, मागे दुसरा लिलाव चालू असताना घाईत व्हिडिओ चढवणारा माणूस या सोयी वापरणारच. शीर्षकातली तारीख बदलली की त्याच्या लेखी काम झाले.

या सारखेपणाबद्दल एक भीतीही पसरलेली आहे. एकच वर्णन पुन्हा पुन्हा टाकले, की यूट्यूब चॅनलला शिक्षा करते, असे म्हणतात. तसा सरळ नियम नाही. कमाईच्या नियमांत साच्यातून काढल्यासारख्या, एकसुरी मजकुरावर बंधने आहेत, पण त्यांचा रोख प्रामुख्याने व्हिडिओवर आहे. रोज नवा लिलाव दाखवणारा व्हिडिओ केवळ खालची चार वाक्ये सारखी आहेत म्हणून अडचणीत येत नाही. खरा तोटा साधा आहे. शोधयंत्राला आणि माणसाला त्या चार वाक्यांतून काहीही नवे मिळत नाही. शंभर व्हिडिओंखाली एकच मजकूर असेल, तर त्या शंभरांतून नेमका हवा तो निवडायला तो मजकूर निरुपयोगी ठरतो. शिक्षा होत नाही, पण उपयोगही होत नाही.

ही भीती मनात असलेले लोक मग एक उपाय करतात. सोमवारी 'आजचे कांदा बाजारभाव', मंगळवारी 'कांद्याचे ताजे दर', बुधवारी 'कांदा मार्केटची आजची स्थिती'. शब्द फिरवले, वाक्ये मागेपुढे केली, 'बांधवांनो'च्या जागी 'मित्रांनो' केले. दिसायला वर्णने वेगळी झाली. पण मंगळवारचे वर्णन उचलून बुधवारच्या व्हिडिओखाली डकवले, तर काही बिघडते का? नाही बिघडत. मग ती वेगळी झालीच नाहीत.

या कामाची सगळ्यात सोपी चाचणी तीच. तारीख झाका आणि वर्णन वाचा. ते कालच्या व्हिडिओखालीही चालले असते असे वाटले, तर ते आजचे वर्णन नाही. ज्या वाक्याला दुसऱ्या दिवशी खोटे ठरायची भीती आहे, तेच आजचे वाक्य.

रोज बदलते तरी काय

त्यासाठी वर्णन लिहिण्याआधी लिलावाकडे नीट पाहावे लागते. महाराष्ट्र राज्य कृषि पणन मंडळ रोजचे दर जाहीर करते तेव्हा त्यात शेतमालाची जात, परिमाण, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर आणि सर्वसाधारण दर असे रकाने असतात. यातला सर्वसाधारण दर म्हणजे त्या दिवशी बहुतांश माल ज्या भावाच्या आसपास गेला तो भाव. शेतकऱ्याच्या हिशोबाला हाच आकडा सर्वांत जवळचा असतो. कमाल दर एखाद्याच ट्रॅक्टरला मिळालेला असू शकतो, किमान दर भिजलेल्या किंवा खाद मालाचा असू शकतो.

म्हणजे एका दिवसाला किमान चार आकडे आहेत, आणि ते चारही एकाच दिशेने हलतात असे नाही. सर्वसाधारण दर जागेवर राहून किमान दर वर सरकतो, आवक दुप्पट होऊनही भाव टिकतो, कमाल आणि किमान यांतली दरी रुंद होते किंवा आवळते. यातली प्रत्येक हालचाल काहीतरी सांगत असते. 'कांदा आज स्थिर' या तीन शब्दांखाली ते सगळे गडप होते.

आकड्यांखेरीज आवारात दिसणाऱ्या गोष्टी असतात. माल कोरडा आहे की ओलसर, पत्ती टिकून आहे की सुटली आहे, रंग कसा, आकार एकसारखा आहे का, गोल्टी वेगळी काढून आणली आहे की ढिगात मिसळली आहे. लाल कांद्याचा हंगाम संपताना उन्हाळ कांदा येऊ लागतो, तेव्हा काही आठवडे दोन्ही जाती एकाच आवारात असतात आणि दोघांचे भाव वेगळे चालतात. त्या काळात नुसते 'कांदा' लिहिणे म्हणजे अर्धीच माहिती देणे.

हे सगळे रोज लिहायचे नाही. त्यातली जी एक किंवा दोन गोष्ट मागच्या लिलावापेक्षा बदलली, तेवढीच उचलायची. त्यासाठी वहीत पाच रकाने पुरतात: आवक, किमान, कमाल, सर्वसाधारण आणि 'आज डोळ्यांत भरले ते'. पाचवा रकाना लिलाव चालू असताना, उभ्याउभ्याच भरायचा. संध्याकाळी घरी बसून आठवून लिहिले, तर 'माल चांगला होता' यापलीकडे काही सुचत नाही.

तीन दिवस, तीन वर्णने

एक उदाहरण घेऊ. बाजार समितीचे नाव 'अ' समजा. दिवस आणि आकडे फक्त समजुतीसाठी घेतले आहेत, ते कुठल्याही बाजाराचे खरे दर नव्हेत. काळ जूनच्या मध्याचा, माल चाळीतला उन्हाळ कांदा.

शनिवार, १४ जूनला आवक ८,२०० क्विंटल होती. किमान ६००, कमाल २,१००, सर्वसाधारण १,५५० रुपये. रविवारी लिलाव नव्हते. सोमवारी आवक १४,६०० क्विंटलवर गेली आणि दर ५००, २,०५० आणि १,४५० असे निघाले. सोमवारचे वर्णन असे होईल:

'सोमवार, १६ जून २०२५. अ बाजार समितीत उन्हाळ कांद्याचा सर्वसाधारण दर क्विंटलला १,४५० रुपये, शनिवारच्या लिलावापेक्षा १०० रुपयांनी कमी. आवक ८,२०० वरून १४,६०० क्विंटल झाली. पावसाच्या धास्तीने चाळी लवकर फोडल्याचे आवारातल्या शेतकऱ्यांनी सांगितले. ५०० ते ७०० रुपयांत गेलेला माल बहुतेक भिजलेला होता. त्यातले दोन ढीग व्हिडिओत जवळून दाखवले आहेत.'

यात तीन गोष्टी मुद्दाम केल्या आहेत. तुलना 'काल'शी केलेली नाही, मागच्या लिलावाशी केली आहे, कारण काल रविवार होता. कारण देताना 'पावसामुळे भाव पडला' असे ठोकून दिलेले नाही. आवक वाढली हे आकड्यांत दिसते, चाळी का फोडल्या हे लोकांनी सांगितले, आणि भाव उतरला हे तिसरे. या तिघांची सांगड वाचणारा घालेल. आणि शेवटचे वाक्य व्हिडिओत काय पाहायला मिळेल ते सांगते. हे दोन ढीग फक्त सोमवारच्याच व्हिडिओत आहेत.

मंगळवार हा अवघड दिवस. आवक १२,९०० क्विंटल, कमाल तोच २,०५०, सर्वसाधारणही तोच १,४५०. इथे हात आपसूक 'भाव स्थिर'कडे वळतो. पण वहीत किमान दर ५०० वरून ७०० झालेला दिसतो. पाचव्या रकान्यात नोंद आहे: भिजलेला माल कमी. मग वर्णन असे:

'मंगळवार, १७ जून २०२५. अ बाजार समितीत उन्हाळ कांद्याचा सर्वसाधारण दर सोमवारइतकाच, क्विंटलला १,४५० रुपये. बदल खालच्या टोकाला आहे: किमान दर ५०० वरून ७०० रुपये. सोमवारच्या मानाने भिजलेले ढीग आज कमी दिसले. हलक्या मालाला आज काय मिळाले, ते सुरुवातीलाच दाखवले आहे.'

ज्याच्या चाळीत थोडा दबलेला, हलका माल आहे, त्याच्यासाठी हीच दिवसाची बातमी आहे. 'स्थिर' म्हटले असते, तर ती त्याच्यापर्यंत पोहोचलीच नसती.

बुधवारी मोह येतो. आवक १२,७०० क्विंटल, किमान ७००, सर्वसाधारण १,४५०, पण कमाल २,२५१. लिलावात बोली चढत गेली आणि एका ट्रॅक्टरला हा भाव मिळाला. शीर्षकात 'कांदा २२५० पार!' लिहिले तर ते खोटे नाही, पण ते वाचून गाडी भरणारा माणूस फसणार हे लिहिणाऱ्याला पक्के ठाऊक असते. लोकांची दिशाभूल करणारी शीर्षके आणि वर्णने यूट्यूबच्या नियमांतही बसत नाहीत. प्रामाणिक वर्णन असे:

'बुधवार, १८ जून २०२५. अ बाजार समितीत उन्हाळ कांद्याला सर्वोच्च बोली क्विंटलला २,२५१ रुपये, पण ती एकाच ट्रॅक्टरला. सर्वसाधारण दर तिसऱ्या दिवशीही क्विंटलला १,४५० रुपयेच. २,२५१ चा कांदा कोरडा, एकसारख्या आकाराचा आणि गडद रंगाचा होता. तो ढीग आणि १,४५० चा ढीग व्हिडिओत शेजारीशेजारी दाखवले आहेत.'

आता तिन्ही वर्णनांच्या तारखा झाका. कोणतेही दुसऱ्याच्या जागी बसत नाही. आणि एकाही वाक्यात शब्दांची कसरत नाही. 'सर्वसाधारण दर' तिन्ही दिवशी 'सर्वसाधारण दर'च आहे, 'उन्हाळ कांदा' तिन्ही दिवशी 'उन्हाळ कांदा'च आहे.

जे बदलू नये ते

वेगळेपणाच्या नादात काही जण बदलू नये तेही बदलतात. बाजार समितीचे नाव एके दिवशी 'पिंपळगाव', दुसऱ्या दिवशी 'पिंपळगाव बसवंत', तिसऱ्या दिवशी 'पिंपळगाव मार्केट'. पहिला भाव कधी किमान, कधी कमाल. यामुळे शोधणाऱ्याला सापडत नाही आणि तुलना करणाऱ्याला तुलना करता येत नाही. रोजचे सदर छापणारे वर्तमानपत्र रकान्यांचा क्रम रोज बदलत नाही, तसेच हे. क्रम, नावे आणि परिमाण पक्के ठेवले, की त्यातला बदललेला आकडा आपोआप उठून दिसतो.

परिमाणाचा प्रश्न तर विशेष नाजूक आहे. नाशिक भागात कांद्याचा भाव क्विंटलवर बोलतात, जुन्नर भागात तोच दहा किलोवर सांगायची पद्धत आहे. दोन्हीकडचे भाव एका व्हिडिओत दाखवणाऱ्याने '१,४५०' आणि '१४५' एकाखाली एक लिहिले आणि परिमाण लिहायला विसरला, तर दोन सारखेच भाव दहापट वेगळे वाटतील. म्हणून प्रत्येक आकड्याला त्याचे परिमाण चिकटलेले असावे, वर्णन कितीही छोटे असो.

जे रोज सारखेच राहणार, ते वर्णनाच्या तळाशी जाऊ द्या. दर कुठून घेतले, सर्वसाधारण दर म्हणजे काय, भाव कुठल्या परिमाणात आहेत, चॅनल कोण चालवतो, इतर बाजारांची यादी कुठे मिळेल. हा ठरावीक मजकूर शंभर व्हिडिओंखाली एकच असला तरी काही बिघडत नाही. रोमन अक्षरांत शोधणाऱ्यांसाठी `kanda bajar bhav` अशी एक ओळही तिथेच ठेवता येते. बिघडते ते हा मजकूर वर चढून बसला की. यूट्यूबवर वर्णनाची मर्यादा ५,००० अक्षरांची आहे, पण व्हिडिओ उघडल्यावर त्यातल्या पहिल्या एकदोन ओळीच दिसतात. बाकीचे बोट लावल्यावर उघडते. शोधाच्या यादीतही दिसला तर छोटा तुकडाच दिसतो. ती जागा 'नमस्कार' आणि 'सबस्क्राइब करा' यांत खर्च केली, तर आजचा आकडा पडद्याआड जातो.

शीर्षकाचेही तसेच. १०० अक्षरांची मर्यादा आहे, आणि मोबाईलवर तेवढीही दिसतील याचा भरवसा नाही. 'आजचे कांदा बाजारभाव | अ बाजार समिती | १६ जून २०२५' यात बदलणारी एकमेव गोष्ट अगदी शेवटी आहे, म्हणजे कापली जाण्याच्या जागी. त्याऐवजी 'कांदा १०० रुपयांनी उतरला, आवक वाढली | अ बाजार समिती | १६ जून २०२५' असे लिहिले, की कापले गेले तरी दिवस ओळखू येतो.

शेवटच्या भागाबद्दल आणखी एक सावधगिरी. अनेक जण वर्णनाखाली जिल्ह्यातल्या सगळ्या गावांची आणि सगळ्या पिकांची नावे स्वल्पविराम देऊन ओततात, आपला व्हिडिओ प्रत्येक शोधात निघावा म्हणून. वर्णनात असे टॅग कोंबणे यूट्यूबच्या नियमांविरुद्ध आहे. हॅशटॅगचेही तसेच: साठांहून अधिक दिले तर यूट्यूब सगळेच दुर्लक्षित करते, आणि शीर्षकाजवळ दाखवायला तिनापेक्षा जास्त लागतही नाहीत. पीक, बाजार आणि जात एवढे तीन पुरेत.

शिळे वाक्य

या पद्धतीतही एक जुना रोग पुन्हा डोके वर काढतो. कालचे वर्णन उघडायचे आणि त्यातले आकडे बदलायचे, ही सवय. चार आकड्यांतले तीन बदलतात, चौथा राहून जातो. किंवा आकडे सगळे बदलतात, पण 'बहुतेक माल भिजलेला होता' हे सोमवारचे वाक्य गुरुवारपर्यंत तसेच चालत येते. व्हिडिओत माणूस '१,४५०' म्हणतो आणि खाली '१,५५०' लिहिलेले असते. अशी एक चूक बघणाऱ्याच्या लक्षात आली, की तो पुढच्या वेळी सगळ्याच आकड्यांवर शंका घेतो.

यावर उपाय असा की, कालची प्रत उघडायचीच नाही. अपलोडसाठी जो ठरावीक मजकूर साठवतो, त्यात खालचा कायमचा भाग ठेवायचा आणि वर रिकाम्या जागा सोडायच्या: 'वार, तारीख, वर्ष ___ समिती ___ जात ___ सर्वसाधारण दर ___ मागच्या लिलावापेक्षा ___ आज वेगळे ___'. रिकामी जागा भरायची राहिली, तर ती डोळ्यांना लगेच टोचते. कालचा आकडा राहिला, तर तो टोचत नाही, कारण तो दिसायला अगदी बरोबर दिसतो.

व्हिडिओतल्या टप्प्यांच्या वेळा हीदेखील शिळेपणाची आवडती जागा. एका व्हिडिओत चार बाजार दाखवत असाल, तर वर्णनात वेळ लिहून प्रत्येक बाजारापर्यंत थेट उडी मारायची सोय करता येते. त्यासाठी पहिली वेळ शून्याची लागते, एकूण निदान तीन वेळा चढत्या क्रमाने लागतात आणि प्रत्येक टप्पा किमान दहा सेकंदांचा असावा लागतो. उदाहरणार्थ:

```
00:00 आजचा मुख्य बदल
00:40 लासलगाव
02:15 पिंपळगाव बसवंत
03:50 येवला
```

या वेळा रोज बदलतात. कालच्या वेळा आज डकवल्या, तर येवल्यावर बोट ठेवणाऱ्याला पिंपळगावचा लिलाव दिसतो. रोज वेळा मोजायला सवड नसेल, तर त्या न देणेच बरे.

सर्वांत महागात पडणारे शिळे वाक्य मोठ्या निर्णयांचे असते. कांद्याचा अलीकडचा इतिहास अशा दिवसांनी भरलेला आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क लागले. ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यातबंदी आली, ती ४ मे २०२४ रोजी अटींसह उठली. १३ सप्टेंबर २०२४ रोजी किमान निर्यात मूल्याची अट गेली आणि शुल्क २० टक्क्यांवर आले, आणि १ एप्रिल २०२५ पासून तेही गेले. अशा दिवशी वर्णनात निर्णयाचे नाव आणि तारीख यायलाच हवी, कारण त्या दिवसाचा व्हिडिओ लोक नंतरही शोधतात. पण तेच वाक्य साठवलेल्या मजकुरात शिरले आणि महिनाभर प्रत्येक व्हिडिओखाली 'निर्यातबंदी उठली!' झळकत राहिले, तर दोन्हीकडून नुकसान. रोजचा वाचक फसतो, आणि पुढे कधी त्या नेमक्या दिवसाचा लिलाव शोधणाऱ्याला एकसारखे तीस व्हिडिओ सापडतात. निर्णयाचे वाक्य हाताने लिहावे आणि त्याच दिवसापुरते ठेवावे.

आणि लिलाव नसेल त्या दिवशी? मागचे भाव नव्या तारखेखाली देऊ नयेत. 'आज लिलाव बंद, पुढचा लिलाव गुरुवारी' एवढे सांगणारे अर्ध्या मिनिटाचे चित्रण, किंवा काहीच न टाकणे, यांतले काहीही चालेल.

भाव आधीच सांगितला तर बघेल कोण?

पहिल्याच ओळीत आकडा देऊन टाकला, तर लोक व्हिडिओ कशाला उघडतील, अशी शंका या धंद्यातल्या माणसाला येतेच. शंका पूर्णपणे चुकीची नाही. ज्याला फक्त आकडा हवा, तो ओळ वाचून पुढे जाईल. पण त्याला चार मिनिटे अडकवून शेवटी आकडा सांगितला, तर तो उद्या दुसरा चॅनल पाहील. व्हिडिओ उघडायचे कारण आकड्यापलीकडचे असले पाहिजे: १,४५० चा कांदा दिसतो कसा, आणि माझ्या चाळीतला माल त्याच्यापेक्षा बरा की हलका? हे शब्दांत सांगता येत नाही, ते दाखवावेच लागते. म्हणून वर्णनाने आकडा द्यावा आणि ढिगाकडे बोट दाखवावे.

वर्णनाची ताकद किती, हेही स्पष्ट असलेले बरे. व्हिडिओ किती लोकांपर्यंत पोहोचतो, हे शीर्षक, चित्र आणि लोक तो किती वेळ पाहतात यांवर अधिक ठरते. भावाचा व्हिडिओ मुळात एका दिवसाचा धनी असतो. त्यामुळे त्याखाली दोन परिच्छेदांचा निबंध लिहिण्यात अर्थ नाही. दोन ते चार वाक्ये, वहीतून उचललेली, एवढ्यावर थांबावे.

उपयोग होतो आहे की नाही, हे पाहायलाही जागा आहे. स्टुडिओच्या विश्लेषणात यूट्यूब शोधातून आलेले प्रेक्षक कोणते शब्द टाकून आले, ते दिसते. तिथे नुसते 'कांदा बाजारभाव' असेल, तर लोक तुमच्यापर्यंत गर्दीतून योगायोगाने येत आहेत. बाजाराचे नाव, जात, 'हलका माल', 'भिजलेला कांदा' असे शब्द दिसू लागले, तर नेमकी गरज असलेला माणूस नेमक्या व्हिडिओवर येतो आहे. आणि दहा दिवसांपूर्वीच्या व्हिडिओवर आजही 'आजचे भाव' शोधणारे येत असतील, तर ती वाढलेली संख्या पाहून खूश होऊ नका. ते लोक चुकीच्या दिवसावर उतरले आहेत. त्या व्हिडिओच्या शीर्षकात सुरुवातीलाच तारीख आणा, 'आजचे' हा शब्द काढून टाका.

असे हंगामभर केले, की एक गोष्ट आपोआप तयार होते. जूनपासून नोव्हेंबरपर्यंतची वर्णने एकाखाली एक ठेवली, तर उन्हाळ कांद्याचा अख्खा हंगाम वाचता येतो: आवक कधी फुगली, हलक्या मालाला कधी भाव सुटला, चाळी कधी रिकाम्या होत आल्या. दरांचे तक्ते पणन मंडळाकडे असतातच, पण त्या तक्त्यांत भिजलेले ढीग नसतात, आणि २,२५१ चा ट्रॅक्टर एकच होता हेही नसते. हे फक्त आवारात उभ्या असलेल्या माणसाला ठाऊक असते. पुढच्या जूनमध्ये चाळ कधी फोडावी याचा विचार करणाऱ्याला मागच्या जूनचे हे तपशील उपयोगी पडतात, आणि ते शोधायला त्याला एकही व्हिडिओ पुन्हा पाहावा लागत नाही.